एप्रिलचा एसी फेब्रुवारीत

संक्रांत उलटली की नागपुरात एसी दुरुस्तीच्या दुकानांचे संदेश मोबाइलवर येऊ लागतात. बहुतेकांचा मजकूर एकसारखा असतो: ‘उन्हाळा येतोय! एसी सर्व्हिसिंगवर ५० टक्के सूट! मोजक्याच जागा शिल्लक! आजच बुक करा!’ वाचणारा तो संदेश पुसून टाकतो. पहाटे अजून स्वेटर लागतो, एसीचा रिमोट कुठल्या खणात आहे तेही आठवत नाही, आणि ५० टक्के म्हणजे कशाचे ५० टक्के हे कुणी सांगितलेलं नसतं. पुढे एप्रिलच्या मध्यात पारा बेचाळिशीला टेकला की हाच माणूस त्याच दुकानाला दिवसातून चार-चार फोन करतो. पलीकडून उत्तर येतं, “परवा पाठवतो जी मुलगा, आज लय कॉल आहेत.”

ग्राहक आणि दुकानदार दोघांनाही ही ओढाताण दरवर्षी ठाऊक असते, तरी फेब्रुवारीत दोघं एकमेकांशी नीट बोलत नाहीत. दुकानदार सुटीची भाषा बोलतो आणि ग्राहकाला सुटीची गरज नसते. फेब्रुवारीत दुकानाकडे खरोखर एक गोष्ट असते, जी एप्रिलमध्ये कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही. ती म्हणजे कारागिराचा वेळ. आगाऊ बुकिंगचा फोन किंवा संदेश या वेळेभोवती रचला, तर ग्राहकाच्या पदरात खरं काही पडतं. तो कसा रचायचा, त्यात काय असावं आणि काय मुळीच नसावं, ते नागपूरच्या एका मध्यम दुकानाचं उदाहरण धरून पाहू. आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. आपल्या गावाप्रमाणे ते बदलून घ्यावेत.

समजा, दुकानाच्या वहीत जुन्या ग्राहकांची ४५० मशिनं आहेत. कारागीर आणि मदतनीस अशा दोन जोड्या आहेत. स्प्लिट एसीची जेट पंपाने नीट सर्व्हिस करायला सव्वा तास लागतो. ये-जा, पार्किंग, जिना, जेवण धरलं तर एका जोडीची दिवसाला चार कामं होतात, दोन जोड्यांची आठ. फेब्रुवारीत रविवार वगळून २४ दिवस मिळतात, म्हणजे १९० च्या आसपास सर्व्हिस होऊ शकतात. मार्चमध्ये दिवस थोडे जास्त असले तरी होळी-रंगपंचमी आणि नव्या मशिनची फिटिंग यांत काही जातात, तेव्हा १५० धरू. एप्रिलमध्ये २६ दिवसांच्या २०८ जागा असतात खऱ्या, पण त्यातल्या निम्म्या बंद पडलेल्या मशिनवर खर्च होतात, आणि त्या टाळता येत नाहीत. उरतात १०४.

आता सगळे ४५० ग्राहक एप्रिलमध्येच आठवण आल्यासारखे फोन करू लागले, तर १०४ जागांत ते बसणार कसे? दुकान कुणाला नाही म्हणत नाही. ते सव्वा तासाचं काम पंचवीस मिनिटांवर आणतं. तेच ग्राहक आधी १९० आणि मग १५० असे विभागले गेले, तर एप्रिलसाठी ११० उरतात आणि १०४ जागांत ते जवळपास मावतात. फोनवर जे बोलायचं आहे ते सगळं या हिशेबातून निघतं. ज्या दुकानदाराने हा हिशेब कागदावर मांडलेला नाही, त्याने जाहिरात छापू नये असं माझं मत आहे, कारण तो जे वचन देईल ते अंदाजाचं असेल.

पंचवीस मिनिटांत नेमकं काय सुटतं हे ग्राहकाला बाहेरून दिसत नाही. पुरं काम असं असतं: आधी मशिन पंधरा मिनिटं चालवायचं, आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान मोजायचं, क्लॅम्प मीटरने अँपिअर बघायचे आणि लिहून ठेवायचे. मग एमसीबी बंद करून भिंतीवरच्या युनिटला प्लास्टिकची झोळी बांधायची. जाळ्या काढायच्या, कॉइलवर वरून खाली, पात्यांच्या दिशेनेच पाणी मारायचं, कारण तिरकं मारलं की अॅल्युमिनियमची पातळ पाती दुमडतात आणि हवेची वाट बंद होते. कॉइलच्या मागे नळीसारखा लांब ब्लोअर असतो. त्याच्या पात्यांत काळा, चिकट थर बसलेला असतो आणि तो निघायला सर्वांत जास्त वेळ लागतो. मग पाण्याचा ट्रे आणि पाइप. शेवटी बाहेरचं युनिट, जे अनेकदा सज्जावर किंवा गच्चीच्या कठड्यापलीकडे लटकलेलं असतं. सगळं वाळलं की मशिन पुन्हा चालवायचं आणि तेच आकडे पुन्हा घ्यायचे.

घाईच्या दिवशी यातल्या चार गोष्टी गळतात: ब्लोअर, पाइप, बाहेरचं युनिट आणि शेवटची नोंद. समोरून कॉइल चकचकीत दिसते, ग्राहक पैसे देतो. आठवडाभरात एसीतून काळे कण पडू लागले, वास तसाच राहिला किंवा हवेचा झोत पहिल्यासारखाच मंद असला, तर ब्लोअरला हातच लागलेला नाही असं समजावं.

पाइपचं तर विदर्भात वेगळंच आहे. इथली मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की एसीतून पाणी फारसं पडत नाही. तुंबलेला पाइप त्यामुळे उन्हाळाभर गुपचूप राहतो आणि जूनअखेर पाऊस सुरू झाला की भिंतीवरून पाणी ओघळू लागतं. म्हणून सर्व्हिसच्या वेळी ट्रेमध्ये दोनेक लिटर पाणी ओतून ते बाहेर किती वेगाने निघतं ते बघावं लागतं. पाच मिनिटांचं काम, पण बारा कॉल वाट बघत असताना ते कुणी करत नाही.

वेळेचा दुसरा फायदा दुरुस्तीत आहे, आणि माझ्या मते तोच मोठा. इन्व्हर्टर एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये एक सर्किट बोर्ड असतो. हिवाळाभर मशिन बंद असताना त्यात पाल शिरते, उंदीर वायरी कुरतडतात आणि पहिल्यांदा बटण दाबलं की बोर्ड जातो. जुन्या मशिनच्या आतल्या कॉइलला बारीक छिद्रं पडलेली असतात. असा बोर्ड किंवा कॉइल स्थानिक दुकानात मिळेलच असं नाही. मॉडेल नंबर देऊन मागवावी लागते आणि आठ-दहा दिवस सहज जातात. फेब्रुवारीत हे दिवस पंख्यावर निघतात. मे महिन्यात, वरच्या मजल्यावर, घरात आजारी किंवा म्हातारं माणूस असेल, तर हेच दहा दिवस हाल करतात. आगाऊ सर्व्हिसचं खरं मोल बिघाड दोन महिने आधी कळण्यात आहे. ‘५० टक्के सूट’ म्हणणाऱ्या संदेशात त्याचा उल्लेखही नसतो.

इथे मात्र एक अडचण आहे आणि प्रामाणिक दुकानाने ती आधीच ओळखून ठेवली पाहिजे. फेब्रुवारीत एसीची परीक्षा पूर्ण घेता येत नाही. सकाळी खोली २२ अंशांवर असेल तर २४ वर लावलेला एसी कॉम्प्रेसर सुरूच करणार नाही. १६ वर लावून तो सुरू केला तरी बाहेर थंड असताना साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या मशिनमध्ये गॅसचा दाब मुळातच कमी दिसतो. गॅस पुरेसा असूनही गेजचा काटा खाली राहतो. इन्व्हर्टर मशिनमध्ये उलटं होतं. खोली लवकर थंड झाली की कॉम्प्रेसर आपला वेग उतरवतो, दाब वर चढतो आणि खरोखरच थोडा गॅस कमी असेल तर तो झाकला जातो. म्हणजे एकाच हवेत एका मशिनचा आकडा विनाकारण घाबरवतो आणि दुसऱ्याचा विनाकारण धीर देतो.

याच जागी ‘मोफत गॅस तपासणी’चा सापळा लावला जातो. फेब्रुवारीच्या सकाळी गेज लावायचं, खाली आलेला काटा ग्राहकाला दाखवायचा आणि “गॅस कमी झालाय” म्हणून तीन हजारांचं बिल करायचं. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांत फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळतो आहे. गळती शोधल्याशिवाय वरून गॅस भरणं म्हणजे ग्राहकाचे पैसे हवेत सोडणं. नायट्रोजन भरून दाब धरतो का ते बघणं, सांध्यांवर साबणाचं पाणी लावणं, गळती बुजवणं, व्हॅक्यूम पंपाने नळ्या रिकाम्या करणं आणि मग नेमप्लेटवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून सोडणं, ही त्याची रीत आहे. हल्लीच्या अनेक मशिनमध्ये आर-३२ हा गॅस असतो आणि तो काही प्रमाणात पेट घेणारा आहे, त्यामुळे आत गॅस असताना नळीवर टॉर्च लावणं धोक्याचं असतं. हे सगळं अर्ध्या दिवसाचं काम आहे. म्हणून फोन करणाऱ्या मुलीने ‘गॅस’ हा विषय स्वतःहून काढायचा नाही, असा नियम दुकानाने करावा. मशिन बघितल्याशिवाय त्याबद्दल बोलण्यासारखं काही नसतंच.

या अडचणीवर उपाय वेळापत्रकात आहे. गेल्या वर्षी ज्यांची थंडाव्याची तक्रार नव्हती, अशांना फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातल्या आणि सकाळच्या वेळा द्याव्यात; तिथे धुण्याचं काम महत्त्वाचं असतं. ज्यांनी ‘थंड कमी करतो’ म्हटलं होतं, त्यांना उत्तरार्धातली दुपार द्यावी. तोवर नागपुरात दुपारचा पारा ३२-३३ पर्यंत आलेला असतो. खिडक्या उघड्या ठेवून, १६ अंशांवर, पंखा पूर्ण वेगावर ठेवून मशिन पळवलं, इन्व्हर्टर असेल तर कंपनीने दिलेल्या टेस्ट मोडवर टाकलं, तर आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत ८ ते १२ अंशांचा फरक दिसायला हवा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत तो थोडा जास्तही निघतो. दिसला नाही, किंवा आकडा सीमेवर राहिला, तर तिथल्या तिथे निकाल न देता मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पारा ३७-३८ झाल्यावर, फेरतपासणी करायची. तीही मोफत.

ही फेरतपासणी दुकानाला परवडते का? १९० ग्राहकांना ६०० रुपयांवर २० टक्के सूट दिली तर २२,८०० रुपये जातात. त्याऐवजी सहा मशिनमागे एकाला फेरतपासणी लागली असं धरलं, तर ३० फेऱ्या होतात. धुणं नसल्याने प्रत्येकीला वीस मिनिटं लागतात. पेट्रोल आणि मजुरी मिळून फेरीला १५० रुपये धरले तरी साडेचार हजारांत भागतं. ग्राहकाला १२० रुपयांच्या सुटीपेक्षा ही फेरी कितीतरी जास्त उपयोगाची आहे. शिवाय दुकानाने हेही ध्यानात ठेवावं की पगारी कारागीर फेब्रुवारीत नाहीतर रिकामेच बसलेले असतात. दर मागच्या वर्षीचाच ठेवला तरी दुकान नफ्यातच राहतं.

आता प्रत्यक्ष फोन. वहीत पत्ता, मशिनचं मॉडेल, मागची तारीख आणि तेव्हाची तक्रार लिहिलेली असली पाहिजे. ती वही नसेल तर पुढचं काही जमणार नाही. फोन करण्याचा क्रमही वहीवरूनच ठरतो: आधी ज्यांची मशिनं जुनी आहेत, मग गच्चीखालची घरं, मग ज्यांच्याकडे वयस्क माणसं किंवा लहान मुलं आहेत ती घरं, आणि मग बाकीचे. धंद्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा ग्राहक आधी घ्यावासा वाटेल, पण मे महिन्यात ज्याचं एसीवाचून अडणार आहे त्याला पहिला फोन जावा.

“नमस्कार काकू, मी धरमपेठेतून अमुक रेफ्रिजरेशनमधून बोलते. दोन मिनिटं बोलू का? मागच्या वर्षी १८ एप्रिलला तुमच्या हॉलच्या एसीची सर्व्हिस आम्ही केली होती. तेव्हा पाण्याच्या पाइपचा त्रास होता, असं आमच्या वहीत आहे. यंदा जुन्या ग्राहकांच्या सर्व्हिस आम्ही फेब्रुवारीतच घेतोय. आत्ता एका मशिनला पूर्ण सव्वा तास देता येतो, एप्रिलच्या गर्दीत तेवढा देता येत नाही. आणि काही पार्ट मागवावा लागलाच, तर तो उन्हाळ्याच्या आत येऊन बसेल. दर मागच्या वर्षीचाच, ६०० रुपये. पुढच्या मंगळवारी किंवा गुरुवारी, सकाळी १० ते १२ किंवा दुपारी २ ते ४, कोणती वेळ बरी पडेल?”

वाचायला मिनिटही लागत नाही. पहिल्या तीन वाक्यांत परवानगी मागितली आहे आणि मागच्या कामाची तारीख सांगितली आहे, त्यामुळे हा फोन ओळखीचा आहे हे काकूंना कळतं. ‘एप्रिलमध्ये तेवढा वेळ देता येत नाही’ हे वाक्य अनेक मालकांना खटकेल. स्वतःच्या कामातली उणीव कशाला सांगायची, असं ते म्हणतील. मला ते या सगळ्या मजकुरातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य वाटतं. ग्राहकाने मागच्या एप्रिलमध्ये घाईने उरकलेलं काम स्वतः पाहिलेलं असतं. तेच दुकानाने कबूल केलं की पुढच्या शब्दांवर त्याचा विश्वास बसतो. शेवटी दोन दिवस आणि दोन वेळा समोर ठेवल्या आहेत, कारण ‘कधी येऊ?’ या प्रश्नाला ‘कळवते’ हे एकच उत्तर मिळतं.

त्यानंतर काकू काय म्हणतील हेही जवळपास ठरलेलं आहे. “अहो, आत्ता तर पंखाही लावत नाही आम्ही. एप्रिलमध्ये बघू.” इथे वाद घालायचा नाही. “चालेल ना काकू, एप्रिलमध्येही आम्ही येऊच. फरक एवढाच, की आत्ता तुम्ही म्हणाल तो दिवस मिळतो, तेव्हा आम्ही म्हणू तो घ्यावा लागतो.” एवढं बोलून थांबायचं. ज्यांना पटायचं त्यांना हे पटतं, आणि ज्यांना नाही पटत त्यांना मार्चमध्ये पुन्हा एक फोन करायचा. तिसरा करायचा नाही.

दुसरा प्रश्न सुटीचा. “काही कमी करणार का?” याचं उत्तर सरळ द्यावं: “दर तोच आहे काकू. पण आज मशिन तपासल्यावर काही शंका राहिली, तर मार्चमध्ये ऊन चढल्यावर आमचा मुलगा पुन्हा येऊन बघून जाईल, त्याचे पैसे नाहीत. आणि दिलेल्या दोन तासांत आम्ही आलो नाही, तर बिलातून १०० रुपये कमी.” शेवटचं वाक्य बोलायचं असेल तर ते पाळण्याची तयारी हवी. दिवसाला आठच कामं घेतली तर ते पाळता येतं, बारा घेतली की नाही. म्हणून फोन करणाऱ्या मुलीच्या समोर त्या दिवसाचं पान उघडं असावं आणि आठवी ओळ भरली की तो दिवस तिने मिटून टाकावा.

तिसरी शंका सर्वांत रास्त असते. “आत्ता धुतलं तर मे महिन्यापर्यंत पुन्हा धूळ बसेल.” बसेलच. मार्च-एप्रिलच्या वावटळी आणि गरम वारा यांनी जाळी पंधरा दिवसांत भरते. उत्तर असं: “जाळीवर बसेल काकू, ती दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायची, मुलगा तुम्हाला काढून-लावून दाखवेल. आतली कॉइल आणि ब्लोअर मात्र जाळी साफ असली की इतक्यात घाण होत नाहीत.” जाळी दाखवून येणं हे मग कामाचाच भाग बनतं. जो कारागीर ती दाखवत नाही, त्याने फोनवर दिलेला शब्द मोडला असं दुकानाने धरावं.

आणि फेब्रुवारी-मार्चमधली हमखास अडचण: “नातवाची बारावी आहे, घरात खुडबूड नको.” इथे लगेच माघार घ्यावी. “मग परीक्षा होऊ द्या काकू. शेवटचा पेपर कधी आहे? त्याच्या दुसऱ्या दिवशीचं नाव लिहून ठेवते.” घरच्या वेळापत्रकाला मान देणारं दुकान लोक लक्षात ठेवतात.

काही जणांना तर हा फोन करूच नये, किंवा केला तर बोलता बोलता नाव खोडून टाकावं. ज्यांचं मशिन कंपनीच्या वॉरंटीत किंवा वार्षिक करारात आहे, त्यांना आधी कंपनीच्या मोफत सर्व्हिस वापरायला सांगावं. वॉरंटीतल्या मशिनला बाहेरच्याने हात लावला तर पुढे कंपनी तक्रार नाकारू शकते. ज्यांच्याकडे पाडव्याआधी रंगकाम, प्लास्टर किंवा फरशी घासणं व्हायचं आहे, त्यांची सर्व्हिस त्यानंतरच घ्यावी, नाहीतर सिमेंटची पूड ओल्या कॉइलवर बसून घट्ट होते. आणि ज्याने दिवाळीच्या सुमारास पुरी सर्व्हिस करून घेतली आणि मग एसी वापरलाच नाही, त्याला जाळी धुऊन एकदा मशिन चालवून बघायला सांगणं पुरेसं आहे. अशा प्रत्येक नकारात दुकानाचे ६०० रुपये जातात, हे खरं आहे. तरी बोलणाऱ्या मुलीला तो नकार देण्याची मोकळीक मालकाने द्यावी आणि तिचा मोबदला निव्वळ बुकिंगच्या संख्येवर ठरवू नये. तसा ठरवला की रंगकामाचं घरही ती बुक करते.

फोन ठरल्यावर त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर एक संदेश जावा. त्यात जाहिरात नको, फक्त ठरलेलं असावं: “काकू, मंगळवार, दुपारी २ ते ४. हॉलचा एसी, जेट सर्व्हिस, ६०० रुपये. सव्वा तास लागेल. एसीखालचा सोफा किंवा पलंग हलवता आला तर बरं, बाहेरच्या युनिटकडे जायची वाट मोकळी ठेवा आणि पाण्याची एक बादली लागेल. काम झाल्यावर आधीचं आणि नंतरचं तापमान व अँपिअर बिलावर लिहून मिळेल. सर्व्हिसशिवाय दुसरा कुठलाही खर्च तुम्हाला विचारल्याशिवाय होणार नाही. वेळ बदलायची असेल तर सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवा, पैसे आधी द्यायचे नाहीत.” बिलावर आकडे येणार हे लेखी कबूल केलं की कारागिरालाही ते घ्यावेच लागतात. दुसऱ्या वर्षी हेच आकडे वहीतून वाचून दाखवता येतात, आणि मशिनचा थंडावा हळूहळू उतरतोय का हे दोघांनाही कळतं.

या मजकुरात काय नाही तेही बघण्यासारखं आहे. ‘सर्व्हिस न केल्यास कॉम्प्रेसर जळेल’ ही भीती नाही. ‘बिल निम्म्यावर येईल’ हेही नाही, कारण ते कुठलंही दुकान सिद्ध करू शकणार नाही. मळलेल्या कॉइलमुळे मशिन जास्त वेळ चालतं एवढं खरं. बिल किती उतरेल हे घर, ऊन, तासांची संख्या आणि लावलेलं तापमान यांवर ठरतं. बीईई या केंद्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे एसीचं तापमान एक अंशाने वर ठेवलं की वीज सुमारे ६ टक्के वाचते. म्हणजे १८ ऐवजी २४ वर ठेवणाऱ्या घराचा फायदा कुठल्याही सर्व्हिसपेक्षा मोठा असू शकतो. चांगला कारागीर हे सांगूनच उठतो.

‘मोजक्याच जागा शिल्लक’ हे वाक्य आता केवळ वाईट सवयीचा प्रश्न राहिलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या १३ विक्रीयुक्त्यांची यादी मार्गदर्शक सूचनांमध्ये दिली. खोटी घाई निर्माण करणं ही त्यातली एक आहे. या सूचना ऑनलाइन मंचांबरोबर जाहिरातदार आणि विक्रेत्यांनाही लागू आहेत. आठ ओळींचं पान समोर असेल आणि त्यातल्या सहा खरोखर भरल्या असतील, तर ‘गुरुवारी दोनच वेळा आहेत’ म्हणायला हरकत नाही. पान कोरं असताना तेच वाक्य खोटं ठरतं.

फेब्रुवारीत असा फोन तुम्हाला आला, तर तीन गोष्टी विचारा: कामाला किती वेळ देणार, आधीचे आणि नंतरचे आकडे बिलावर लिहून देणार का, आणि आता थंडाव्याची शंका राहिली तर मार्चमध्ये पुन्हा बघायला येणार का. तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर सूट असो वा नसो, वेळ घेऊन टाका. उत्तराऐवजी ‘गॅस फ्री चेक करून देतो’ ऐकू आलं, तर फोन ठेवा आणि दुसरं दुकान शोधा. फेब्रुवारीत त्यासाठी तुमच्याकडे पुरेसे दिवस असतात.